बाटली खाली आली, मग उपग्रह का येत नाही?

ताईंनो, मागच्या महिन्यात प्रभाग संघाची बैठक संपल्यावर तीन-चार जणींनी मला दारातच अडवलं. विज्ञान दिनाला आपण जिल्हा परिषदेच्या शाळेत पाण्याची बाटली रॉकेटसारखी उडवली होती. तेव्हापासून पोरं घरी बाटली आणि सायकलचा पंप घेऊन बसतात, ते धोक्याचं आहे का, असं एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, "मुलगा सांगतो रॉकेट असंच जातं. मग बाटली खाली पडली आणि ते वरचं कसं पडत नाही? मला काही उत्तर देता आलं नाही." खरं सांगायचं तर त्या दिवशी शाळेत मलाही देता आलं नव्हतं. मी समाजकार्य शिकलेली, विज्ञान दहावीनंतर सुटलं. नंतर सरांकडून समजून घेतलं, वाचलं, आणि पुढच्या शनिवारी मुलांपुढे परत उभी राहिले. ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी बाटली. आपण घेतली ती दीड लिटरची कोल्ड्रिंकची बाटली. तिच्यात अर्धा लिटर, म्हणजे तिसरा हिस्सा पाणी. तोंडाला रबरी बूच घट्ट बसवलं आणि फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई त्या बुचातून आरपार काढली. सुईला लांब नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला पायाने मारायचा पंप. बाटलीला खाली पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवले आणि बुडावर, म्हणजे उडताना जे वरचं टोक होतं तिथे, कागदाची टोपी करून आत ओल्या मातीचा लिंबाएवढा गोळा ठेवला. पंख आणि तो गोळा नसेल तर बाटली सरळ जात नाही, कोलांट्या खाते. मग विटांच्या मधोमध ती तोंड खाली करून उभी केली आणि पंप मारायला सुरुवात केली.

बाटलीतलं पाणी दाबलं जात नाही, दाबली जाते ती वरची हवा. पंपाने आपण त्या तेवढ्याच जागेत आणखी आणखी हवा कोंबत जातो. काटा तीसच्या आसपास आला, की बुचाची पकड सुटते. हवा फुगायला बघते, पाण्याला खाली ढकलते, आणि पाणी तोंडातून सेकंदाला वीसेक मीटरच्या वेगाने बाहेर पडतं. म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर, जवळपास धावत्या लोकलचा वेग. पाणी खाली फेकलं गेलं म्हणून बाटली वर फेकली गेली. पाणी संपायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. त्यानंतर बाटली नुसत्या मिळालेल्या वेगावर वर जाते, जसा हातातून सुटलेला दगड जातो.

इथे बहुतेक मुलांना वाटलं की पाणी जमिनीवर आपटतं आणि त्या धक्क्याने बाटली उडते. मोठ्यांनाही असंच वाटतं. उल्हास नदीच्या काठच्या ज्या ताई होडीत बसल्या असतील त्यांना हे चटकन पटेल. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते. आपण पाण्याला किंवा तळाला धक्का दिलेला नसतो. आपण पुढे गेलो म्हणून ती मागे गेली. बाटलीचंही तेच आहे. आपटायला जमीन असो वा नसो, वजन एका बाजूला जोरात फेकलं की फेकणारा दुसऱ्या बाजूला जातो. अंतराळात खाली काहीच नसतं, हवाही नसते, तरी रॉकेट चालतं ते याच कारणाने. फक्त त्याला पाण्याच्या जागी इंधन जाळून झालेला तापलेला वायू फेकावा लागतो, आणि वर हवा नाही म्हणून जाळायला लागणारा प्राणवायूही बरोबर न्यावा लागतो.

मुलांनी तीन वेळा उडवून बघितलं. पहिल्यांदा पाणी न घालता नुसती हवा भरली. बाटली फटकन उडाली आणि लगेच लोळत खाली आली, कारण हवेला वजन किती ते? फेकायला काही नव्हतंच. दुसऱ्यांदा जवळजवळ गळ्यापर्यंत पाणी भरलं. त्या वेळी बाटली जेमतेम उठली, निम्मं पाणी आतच ठेवून आडवी झाली. हवेला जागाच उरली नव्हती, त्यामुळे तिचा जोर लगेच संपला. तिसऱ्यांदा तिसरा हिस्सा पाणी, आणि पोरांच्या मानाच वर झाल्या. एका मुलाने मोबाईलवर सेकंद मोजले. उडाल्यापासून खाली पडेपर्यंत साडेतीन सेकंद. सरांनी फळ्यावर हिशेब केला. निम्मा वेळ वर जाण्याचा आणि निम्मा खाली येण्याचा, म्हणजे पावणेदोन सेकंद. पावणेदोनचा वर्ग साधारण तीन, त्याला पाचने गुणलं की पंधरा. बाटली सुमारे पंधरा मीटर वर गेली होती, चांगल्या वाढलेल्या नारळाएवढी. हा हिशेब दगडालाही चालतो. हवेच्या अडथळ्यामुळे थोडा फरक पडतो एवढंच.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, "रॉकेट असंच जातं, फक्त खूप उंच. आणि तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून ते खाली पडत नाही." सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. "ताई, मग चंद्र पृथ्वीला सोडून पळून का जात नाही?"

मी गप्प. तिचं बरोबर होतं. गुरुत्वाकर्षण तिथे नसतंच, तर चंद्राला धरून कोण ठेवलं असतं? नंतर कळलं, की बहुतेक उपग्रह फिरतात तिथे, पाचशे किलोमीटर उंचीवर, पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या शंभराला सुमारे शहाऐंशी एवढी शिल्लक असते. इथे शंभर किलोचं पोतं असेल तर तिथे पृथ्वी त्याला शहाऐंशी किलोच्या पोत्यासारखं ओढते. मग ते पडायलाच हवं. आणि गंमत अशी की ते पडतंच. उपग्रह सारखा पडतच असतो.

हे कसं, ते दुसऱ्या शनिवारी दोन नाण्यांनी दाखवलं. हा प्रयोग तुम्ही घरी ओट्यावर करू शकता, त्यात काही धोका नाही. ओट्याच्या कडेवर दोन नाणी ठेवायची. एकाला जोरात टिचकी मारून आडवं उडवायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्याला नुसतं कडेवरून खाली सोडायचं. डोळे मिटून ऐका. दोन्ही नाण्यांचा आवाज एकदमच येतो. एक पायाशी पडलं, दुसरं पार दाराजवळ, तरी दोघांना खाली यायला वेळ सारखाच लागला. एकीने पाच-सहा वेळा करून बघितलं तरी तिचा विश्वास बसेना. आडवं जाणं आणि खाली पडणं ही दोन वेगळी कामं आहेत, ती एकमेकांच्या आड येत नाहीत.

आता टिचकी वाढवत जा. जोरात मारली तर नाणं आणखी लांब पडेल. पण जमीन काही कायम सपाट नाही. पृथ्वी गोल आहे, मोठ्या घागरीच्या पोटासारखी. मुलांसमोर आम्ही घागरच ठेवली होती. कल्याण स्टेशनपासून डोंबिवलीच्या थोडं पुढे, सरळ आठ किलोमीटर गेलं, तर तेवढ्यात पृथ्वीचा गोलावा सुमारे पाच मीटर खाली वाकलेला असतो. आणि कुठलीही वस्तू सोडली की पहिल्या सेकंदात किती खाली येते? तीही पाच मीटरच. वरच्या बाटलीच्या हिशेबात पाचने गुणलं ते यामुळेच. म्हणजे एखादी वस्तू एका सेकंदात आठ किलोमीटर आडवी गेली, तर ती पाच मीटर पडते आणि जमीनही तिच्यापासून पाच मीटर खाली गेलेली असते. अंतर तेवढंच राहतं. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. ती पडत राहते आणि जमीन तिच्या पायाखालून वाकत राहते. यालाच कक्षा म्हणतात.

पाचशे किलोमीटर उंचीवर ओढ थोडी कमी, म्हणून तिथे सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो. कल्याण ते डोंबिवली एका सेकंदाच्या आत. कल्याण ते सीएसएमटी सात-आठ सेकंदांत, जिथे आपल्याला लोकलने तासाच्या वर लागतं तेही लटकून. आपली बाटली बुचातून सुटली तेव्हा सेकंदाला सतरा-अठरा मीटरच्या वेगाने वर जात होती. कक्षेत जायला तिला साधारण चारशेपट वेग लागला असता, आणि तोही वर नाही, आडवा.

"वर नाही, आडवा" हा मुद्दा मुलांच्या डोक्यात बसायला वेळ लागला. माझ्याही. आपण टीव्हीवर रॉकेट सरळ वर जाताना बघतो आणि समजतो की उंच जाणं हेच अवघड काम. पण हिशेब उलटा आहे. एखादी वस्तू चारशे किलोमीटर उंच नुसती उचलायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सात-आठपट ऊर्जा तिला तिथे तो आडवा वेग द्यायला लागते.

आपल्या देशाच्या बाबतीत हे नीट दिसतं. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधल्या थुंबा या कोळ्यांच्या गावातून भारतातलं पहिलं अंतराळ रॉकेट उडालं. ते अमेरिकेत बनलेलं होतं, नाव नाइकी-अपाची. ते सुमारे दोनशे किलोमीटर उंच गेलं, म्हणजे अंतराळाच्या हद्दीत नक्कीच, आणि थोड्या वेळात खाली समुद्रात पडलं. कुणाची चूक नव्हती, त्याला तसंच जायचं होतं. आपल्या बाटलीसारखं, वर आणि खाली. भारताने स्वतःच्या रॉकेटने उपग्रह कक्षेत ठेवला तो १८ जुलै १९८० ला. म्हणजे वर जाण्यापासून फिरत राहण्यापर्यंत पोचायला सोळा वर्षांच्या वर गेली. त्या रॉकेटचं नाव एसएलव्ही-३, प्रकल्पाचे प्रमुख डॉ. अब्दुल कलाम. रॉकेटच्या घन इंधनावर ज्यांनी आयुष्य घातलं ते आपले डॉ. वसंत गोवारीकर त्या वेळी थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते. त्याच्या आदल्या वर्षी, १० ऑगस्ट १९७९ ला, पहिला प्रयत्न फसला होता आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं होतं.

एसएलव्ही-३ चं वजन सतरा टन. आणि त्याने कक्षेत काय ठेवलं? रोहिणी नावाचा पस्तीस किलोचा उपग्रह. आपल्या शाळेतल्या सातवीच्या एखाद्या मुलीएवढा. सतरा टनांतलं बहुतेक सगळं वजन इंधनाचं होतं, म्हणजे फेकून देण्यासाठीच नेलेलं. इथे परत बाटलीचा गळ्यापर्यंतचा प्रयोग आठवा. जास्त पाणी घातलं म्हणजे जास्त उंच, असं होत नाही, कारण ते पाणी वर उचलायलाही जोर लागतो. रॉकेटचं दुखणं हेच आहे. जास्त इंधन हवं तर मोठी टाकी हवी, मोठी टाकी जड, ती उचलायला आणखी इंधन.

यावर उपाय म्हणजे टप्पे. आपण डोंगरावरच्या देवीला जाताना पाण्याच्या चार बाटल्या घेतल्या आणि रिकामी झालेली प्रत्येक बाटली शेवटपर्यंत वाहत बसलो, तर उगाच ओझं. (देवीच्या वाटेवर टाकू नका, ते वेगळं.) रॉकेट मात्र टाकतंच. एसएलव्ही-३ ला चार टप्पे होते, एकावर एक ठेवलेल्या डब्यासारखे. खालचा जळून संपला की सुटून समुद्रात पडतो, मग दुसरा पेटतो, आणि आता त्याला पहिल्याचं ओझं नसतं. आजचं पीएसएलव्हीही चार टप्प्यांचंच आहे. त्याच्या दुसऱ्या टप्प्याचं 'विकास' नावाचं इंजिन कित्येक वर्षं विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात तयार होत आलं आहे. लोकलने ठाण्याहून मुंबईकडे जाताना आपण ते स्टेशन रोज मागे टाकतो.

मग रॉकेट सुरुवातीलाच आडवं का निघत नाही? कारण खाली हवा दाट आहे. त्या वेगाने दाट हवेतून गेलं तर ते तापून मोडेल. म्हणून आधी सरळ वर, दाट हवेतून बाहेर, आणि जाता जाताच हळूहळू कलत आडवं. पुढच्या वेळी टीव्हीवर प्रक्षेपण लागलं तर पहिल्या मिनिटानंतर बघा, धुराची रेघ एका बाजूला वाकलेली दिसते. तिथून पुढे खरं काम सुरू होतं.

त्या मुलीने शेवटी अजून एक विचारलं. आपल्याकडेही समुद्र आहे, मग कोकणातून रॉकेट का सोडत नाहीत? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पूर्वेकडे सोडलं की तेवढा वेग फुकट मिळतो. आंध्रच्या श्रीहरिकोट्याहून पूर्वेला सगळा समुद्र आहे, टाकलेले टप्पे पाण्यात पडतात. कोकणातून पूर्वेला सोडलं तर ते आपल्या डोक्यावर पडतील. पश्चिमेला सोडलं तर समुद्र आहे, पण मग पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट जायचं. थुंबाही पश्चिम किनाऱ्यावरच आहे, पण तिथून नुसती वर-खाली करणारी रॉकेटं सोडतात, त्यांना आडव्या वेगाची गरजच नसते.

आता पहिल्या ताईंचा प्रश्न, धोका आहे का. आहे. बाटली म्हणजे दाब भरलेलं भांडं, कुकरसारखंच, फक्त याला शिटी नाही. फक्त कोल्ड्रिंक-सोड्याची बाटली घ्यायची, जिच्या बुडाला पाच पाय असतात. ती गॅसचा दाब सोसण्यासाठीच बनवलेली असते. साध्या पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली फुटते. काचेची तर हातातही घ्यायची नाही. बाटलीवर चरे पडले असतील, दुमडून पांढरी रेघ आली असेल किंवा ती बरेच दिवस उन्हात पडलेली असेल, तर ती कचऱ्यात. कधी सुटेल ते बूच ठरवतं, आपण नाही. म्हणून पंप मारणारा किमान तीन-चार मीटर लांब आणि बाकीची मुलं त्याहून दुप्पट लांब हवीत. पहिल्या दिवशी पंप मारणारा एक मोठा मुलगा बाटलीत किती पाणी आहे ते बघायला वाकला आणि तेवढ्यात ती सुटली. कानाजवळून गेली. तेव्हापासून नळी लांब केली आणि विटांभोवती चुन्याची रेघ मारली.

काटा चाळीसपर्यंत गेला तरी बूच सुटत नसेल, तर पंप मारणं थांबवायचं. बाटलीला हात लावायचा नाही, तिच्याकडे जायचंसुद्धा नाही. नळी पंपाच्या टोकाकडून सोडायची. सुई उघडीच असल्यामुळे पाणी आणि मग हवा नळीतून हळूहळू बाहेर येते. काही ठिकाणी सुईऐवजी सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह लावतात. त्यातून हवा आत जाते, पण परत येत नाही, म्हणून अडकलेली बाटली सोडवायला जवळ जावं लागतं. तो लावू नका.

येत्या शनिवारी शाळेत पुन्हा उडवणार आहोत. बूच, सुई आणि नळी शाळेत ठेवली आहे. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या मात्र कमी पडतात, लग्नसराईतल्या असतील तर न चेपता पाठवा.